बर्फात, वाळूत आणि झाडीत दिसणारा क्रॉसहेअर

नेमबाजीच्या कॉम्प्युटर गेममध्ये पडद्याच्या बरोबर मधोमध एक छोटी खूण असते. चार आखूड रेषा आणि त्यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा. हा क्रॉसहेअर. माऊस हलवला तरी तो जागचा हलत नाही. हलतं ते त्याच्यामागचं जग. भिंती, आकाश, झाडं, जिने, खोकी त्याच्याखालून सरकत राहतात. शत्रूचं डोकं त्या चार रेषांच्या मध्ये आलं की बटण दाबायचं, एवढंच खेळणाऱ्याचं काम. अडचण अशी की मागचं दृश्य क्षणाक्षणाला बदलतं आणि खूण मात्र एकाच रंगाची असते. पांढऱ्या भिंतीवर ठसठशीत दिसणारा रंग पुढच्या वळणावर हिरव्या पानांत विरघळतो.

आपल्याकडे पोरं ज्या गेमवर रात्री जागवतात, त्या व्हॅलोरंटमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. रायट गेम्स या अमेरिकी कंपनीने तो 2 जून 2020 रोजी बाजारात आणला. पाच जणांविरुद्ध पाच जण, आणि सामना दर वेळी वेगळ्या मॅपवर. आइसबॉक्स हा मॅप बर्फाचा, बाइंड मोरोक्कोतल्या वाळूच्या रंगाच्या भिंतींचा, ब्रीझ समुद्रकाठच्या झगझगीत उन्हाचा. जानेवारी 2023 मध्ये आलेला लोटस तर आपल्या पश्चिम घाटातला आहे. जुन्या दगडी अवशेषांवर चढलेली हिरवाई त्यात जागोजागी दिसते. एकच खूण घेऊन या सगळ्या ठिकाणी खेळायचं असतं.

यात वेळ किती मिळतो? व्हँडल नावाच्या बंदुकीची एक गोळी डोक्यात बसली तर कितीही अंतरावरून समोरचा संपतो. कोपऱ्यावरून शत्रू निघाला आणि त्याच क्षणी ‘माझी खूण कुठे आहे?’ हे डोळ्यांना शोधावं लागलं, तर उत्तर सापडेपर्यंत फेरी संपलेली असते.

त्यामुळे नवे खेळाडू सेटिंग्जमध्ये शिरतात आणि पहिल्यांदा रंग बदलतात. कुणी सांगतं हिरवा घे, कुणी सांगतं निळसर घे, कुणी एखाद्या नामांकित खेळाडूचा क्रॉसहेअर जसाच्या तसा उचलतो. काही दिवस बरं वाटतं, मग एखाद्या मॅपवर तो रंगही हरवतो आणि शोध पुन्हा सुरू होतो. हा शोध संपत नाही, कारण तो चुकीच्या गोष्टीचा आहे. सगळ्या मॅपवर दिसेल असा एकच रंग अस्तित्वात नाही. दिसते ती एक जोडी: उजळ रेषा आणि तिच्याभोवती काळी किनार.

रंग कमी, उजेड जास्त

बारीक वस्तू पाहताना आपला डोळा रंगाच्या फरकापेक्षा उजळपणाच्या फरकावर जास्त विसंबतो. मोठी निळी भिंत आणि मोठी हिरवी भिंत लगेच वेगळ्या ओळखू येतात. पण दोन्ही रंग सारख्याच उजळपणाचे असतील, तर एकावर दुसऱ्याची केसाएवढी रेष ओढून बघा. ती असून नसल्यासारखी होते. क्रॉसहेअर म्हणजे अशाच केसाएवढ्या रेषा.

त्यातही निळ्याची एक गंमत आहे. आपण टक लावून बघतो तेव्हा डोळ्याच्या पडद्यावरचा जो अगदी मधला भाग वापरला जातो, तिथे निळा प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतातच. त्यामुळे शुद्ध निळी बारीक खूण, तीही नजरेच्या केंद्रात, ही सगळ्यात वाईट निवड ठरते.

पडद्यावरच्या रंगांचा उजळपणा मोजता येतो. काळा म्हणजे शून्य आणि पांढरा म्हणजे 100 धरला तर शुद्ध हिरवा सुमारे 72 भरतो, लाल 21 आणि निळा जेमतेम 7. हिरवा आणि निळा मिसळून होणारा निळसर रंग, ज्याला खेळाडू सायन म्हणतात, 79 च्या आसपास जातो. पिवळा 93. लाल-निळ्याच्या मिश्रणाचा भडक गुलाबी 28.

वेबसाइट सर्वांना वाचता याव्यात म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर एक मोजमाप ठरलेलं आहे. दोन रंगांमधला उठाव 1 पासून 21 पर्यंत मोजतात. 1 म्हणजे काहीच फरक नाही, 21 म्हणजे काळ्यावर पांढरा. चिन्हं आणि बटणं ओळखू यावीत म्हणून निदान 3 चा उठाव हवा, असं हे मानक सांगतं. ते गेमसाठी केलेलं नाही, पण आपल्या कामाला ते पुरेसं आहे.

आता हे रंग मॅपवर नेऊन ठेवू. स्वच्छ पांढऱ्या बर्फावर पिवळ्याचा उठाव 1.07 येतो, सायनचा 1.25, हिरव्याचा 1.4 च्या खाली. म्हणजे अंधारात सगळ्यात छान चमकणारे तिन्ही रंग बर्फावर नापास. लाल आणि गुलाबी मात्र बर्फावर पास होतात आणि काळोखातही पास होतात. मग तेच का घेऊ नयेत?

कारण मॅपचा बराचसा भाग ना बर्फासारखा पांढरा असतो, ना कोळशासारखा काळा. तो मधला असतो: सावलीतली तपकिरी भिंत, ओला दगड, गंजलेला पत्रा. अशा एखाद्या सावलीतल्या भिंतीचा हिशेब केला तर लालचा उठाव दीडच्या आसपास येतो आणि गुलाबीचा दोनाच्या आत. त्याच भिंतीवर सायन साडेचारपर्यंत जातो. प्रत्येक रंगाला त्याच्याच उजळपणाची एक पार्श्वभूमी असते आणि तिथे तो बुडतो. रंग बदलल्याने बुडण्याची जागा बदलते, बुडणं टळत नाही.

काळ्या किनारीचं काम

विंडोजमधला माऊसचा बाण आठवा. तो पांढरा असतो आणि त्याला काळी कड असते. तो पांढऱ्या कागदावर न्या, काळ्या फोटोवर न्या, कुठेही हरवत नाही. एका ठिकाणी आतला पांढरा दिसतो, दुसऱ्या ठिकाणी कड दिसते. क्रॉसहेअरच्या किनारीचं गणित हेच आहे.

आत सायन आणि बाहेर पूर्ण काळी किनार घेऊ. पार्श्वभूमी जितकी उजळ, तितकी काळी किनार उठते. पार्श्वभूमी जितकी काळपट, तितका आतला सायन उठतो. सगळ्यात अवघड पार्श्वभूमी ती, जिथे दोन्हींचा उठाव सारखा होतो. तो बिंदू मोजला तर तिथेही दोघांचा उठाव 4 च्या वर निघतो. म्हणजे मॅप कुठलाही असो, दोघांपैकी एक जण तरी 3 ची रेघ आरामात ओलांडतो. एकट्या रंगाला हे कधीच जमत नाही.

इथे व्हॅलोरंटमधली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. किनार मुळातच चालू असते, पण तिचा दाटपणा फक्त 0.5 ठेवलेला असतो. म्हणजे ती काळी नसून अर्धपारदर्शक असते आणि मागचा रंग तिच्यात निम्मा झिरपतो. बर्फावर ती करडी दिसते आणि 21 चा उठाव घसरून 4 वर येतो. हे अजून चालण्यासारखं आहे. पण मध्यम उजळपणाच्या भिंतीवर अशी अर्धी किनार आणि आतला सायन दोन्ही 2.8 च्या आसपास अडकतात, म्हणजे रेघेच्या किंचित खालीच. तोच दाटपणा 1 केला की त्या भिंतीवर किनारीचा उठाव दुपटीने वाढतो. ‘मी किनार लावून बघितली, काही फरक पडत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा हा एक आकडा बदललेला नसतो.

किनारीची जाडी मात्र वाढवायची नाही. ती 1 पुरे. आतली रेष 2 जाडीची असेल आणि दोन्ही बाजूंना 1-1 ची किनार असेल, तर रंग आणि काळं निम्मं-निम्मं होतं. रेष 1 ची केली तर दोन-तृतीयांश भाग काळा होतो. दुरून डोळा दोन्ही मिसळून बघतो आणि क्रॉसहेअर नुसताच मळकट वाटतो. रेष बारीक आणि किनार जाड, ही जोडी म्हणूनच फसते.

आतला रंग कसा निवडावा

किनारीने उजळपणाचा प्रश्न सोडवला की आतल्या रंगाकडे दोनच कामं उरतात. त्याने काळपट ठिकाणी चमकायचं आणि पडद्यावरच्या दुसऱ्या कशात मिसळायचं नाही.

मिसळण्याचा पहिला धोका शत्रूकडूनच असतो. व्हॅलोरंटमध्ये समोर दिसणाऱ्या शत्रूच्या शरीराभोवती एक रंगीत कड चमकते. मूळ सेटिंगमध्ये ती लाल असते. ज्यांना रंग ओळखायला अडचण होते त्यांच्यासाठी पिवळ्या आणि जांभळ्या कडेचे पर्याय आहेत, आणि दृष्टी ठीक असलेलेही अनेक जण ते वापरतात, कारण लालपेक्षा त्या कडा लवकर दिसतात. खूण नेमकी या कडेवरच नेऊन ठेवायची असते. लाल कडेवर लाल खूण, पिवळ्या कडेवर पिवळी खूण ठेवली, तर हव्या त्याच क्षणी ती नाहीशी होते. म्हणून आधी शत्रूच्या कडेचा रंग ठरवावा आणि मग क्रॉसहेअरचा.

दुसरा धोका एजंटांच्या करामतींचा. वायपर नावाची एजंट हिरव्या विषाचा ढग सोडते आणि त्यात शिरलं की भोवतालचं सगळं हिरवट होतं. लोटसची झाडीही हिरवीच. हिरवा क्रॉसहेअर वर्षानुवर्षं लोकप्रिय आहे, पण या दोन ठिकाणी त्याच्या रंगाचा वेगळेपणा निकामी होतो आणि फक्त उजळपणा कामाला येतो. पांढरा रंग उजळपणात सगळ्यांच्या पुढे आहे, पण गोळीबाराच्या ठिणग्या, दिव्यांची चमक आणि पडद्यावरची अक्षरंही पांढरीच असतात. त्यांच्या गर्दीत तो ओळखू येत नाही.

सायन बहुतेकांना मानवतो तो यामुळेच. भिंतींमध्ये, जमिनीत, शत्रूच्या कडेत तो सहसा आढळत नाही. त्याची बुडण्याची जागा म्हणजे ब्रीझचं आकाश आणि समुद्र, आणि तिथे किनार त्याला सांभाळते. शिवाय आकाशात शत्रू क्वचितच असतो. कुणाला सायनची सवय होत नसेल तर पिवळसर हिरवाही चालतो, फक्त शत्रूची कड पिवळी नसावी. 2022 पासून स्वतःचा रंग आकड्यांत लिहिण्याची सोयही आहे. पण ती वापरून गडद निळा किंवा मंद जांभळा घ्यायचा मोह झाला, तर त्याचा उजळपणा आठवावा.

लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे पुरुष काही थोडे नाहीत. त्यांना ‘हा रंग घ्या’ हा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. उजळ रेष आणि काळी किनार ही जोडी त्यांनाही तितकीच दिसते, कारण ती रंग ओळखण्यावर अवलंबून नाही.

लहान किती, मोठा किती

आकाराची ओढाताण सरळ आहे. मोठा क्रॉसहेअर लगेच दिसतो, पण दूरचा शत्रू त्याच्यामागे झाकला जातो. लहान क्रॉसहेअर शत्रूला झाकत नाही, पण स्वतःच हरवतो. मूळ सेटिंगमध्ये आतल्या रेषांची लांबी 6, जाडी 2 आणि केंद्रापासूनचं अंतर 3 असतं. त्यांच्या बाहेर आणखी चार फिकट रेषा असतात. त्या धरून खूण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 24 एककं पसरते.

बाहेरच्या रेषा आधी काढून टाकाव्यात. त्यांचा दाटपणा 0.35 असतो, म्हणजे बर्फावर त्या दिसतच नाहीत आणि इतर ठिकाणी नुसता पसारा होतो. आतल्या रेषांची लांबी 4 आणि अंतर 2 केलं की पूर्ण रुंदी 12 होते, किनार धरून 14. जाडी 2 च राहू द्यावी.

मधल्या मोकळ्या जागेचा विचार किनारीसकट करावा लागतो, आणि नेमका इथेच हिशेब चुकतो. किनार रेषेच्या सगळ्या बाजूंनी येते, म्हणजे आतल्या टोकालाही येते. अंतर 2 ठेवलं आणि किनार 1 जाडीची असली, तर केंद्रापासून प्रत्यक्षात 1 च मोकळं राहतं. अंतर 1 केलं तर चारही किनारी मध्ये येऊन भिडतात आणि नेम धरायच्या जागीच काळा ठिपका तयार होतो. कुणाचा क्रॉसहेअर किनार चालू केल्यावर अचानक गच्च वाटायला लागला, तर कारण बहुधा हेच असतं. किनार चालू केली की अंतर एकाने वाढवावं. ज्यांना मधोमध ठिपकाच हवा असतो त्यांनी तो जरूर ठेवावा, पण मग रेषा आणखी दूर सरकवाव्यात.

दिसण्यावर परिणाम करणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या रंग-आकाराच्या रकान्यात सापडत नाहीत. मूळ सेटिंगमध्ये गोळीबार सुरू झाला की रेषा फाकतात. शिवाय सलग गोळ्या झाडताना क्रॉसहेअर फिका पडण्याची सोयही मुळात चालू असते. गोळ्या आता नेमावर जात नाहीत, हे खेळाडूला कळावं म्हणून हे केलेलं आहे आणि नवख्याला त्यातून शिकायला मिळतं. पण ज्याला ते ठाऊक झालं आहे त्याच्यासाठी खूण ऐन झटापटीत पातळ होणं हा निव्वळ तोटा आहे. स्थिर, न विझणारा क्रॉसहेअर सगळीकडे सारखा दिसतो.

एक क्रॉसहेअर पहिल्यापासून

आता हे सगळं प्रत्यक्ष करू. समजा एका खेळाडूकडे गेमने दिलेला पांढरा क्रॉसहेअर आहे आणि शत्रूची कड लाल आहे. सेटिंग्ज उघडल्यावर `Crosshair` असा विभाग दिसतो. तिथे नवं प्रोफाइल करावं, म्हणजे जुनं हाताशी राहतं. मग `Primary` मध्ये जाऊन `Crosshair Color` सायन करायचा, `Outlines` चालू ठेवायचं, `Outline Opacity` 1 आणि `Outline Thickness` 1 करायची. `Inner Lines` मध्ये दाटपणा 1, लांबी 4, जाडी 2, अंतर 2, आणि `Firing Error` बंद. `Outer Lines` पूर्ण बंद. शेवटी `Fade Crosshair With Firing Error` बंद.

हे एकेक करायचा कंटाळा असेल तर प्रोफाइल कोडनेही आणता येतं. हाच क्रॉसहेअर कोडमध्ये असा लिहिला जातो:

```
0;P;c;5;o;1;f;0;0l;4;0o;2;0a;1;0f;0;1b;0
```

कोड दिसतो तितका गूढ नाही. `c;5` म्हणजे सायन, `o;1` म्हणजे किनारीचा पूर्ण दाटपणा, `0l;4` म्हणजे आतल्या रेषांची लांबी, `0o;2` म्हणजे अंतर आणि `1b;0` म्हणजे बाहेरच्या रेषा बंद. जे आकडे मूळ सेटिंगसारखेच आहेत ते कोडमध्ये येत नाहीत, म्हणून जाडीचा 2 इथे लिहिलेला नाही. मित्राचा कोड घेतला तर त्यात `h;0` आहे का ते बघावं. असेल तर त्याने किनार बंद ठेवली आहे.

मग परीक्षा. सेटिंग्जमधल्या छोट्या नमुन्यावर विसंबू नये, कारण तिथे खूण स्थिर दृश्यावर असते. एकट्याने खेळायची कस्टम लढत उघडावी, त्यात चीट चालू करावेत आणि मॅपवर मोकळं फिरावं. तीन प्रकारच्या जागा गाठायच्या: सगळ्यात उजळ, सगळ्यात काळोखी आणि सगळ्यात गजबजलेली. आइसबॉक्सवर उघड्या बर्फाकडे बघावं, ब्रीझवर समुद्राकडे, लोटसवर वेलींनी झाकलेल्या दगडाकडे आणि एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे.

टक लावून बघितलं तर खूण सगळीकडेच दिसते, कारण ती कुठे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. खरी तपासणी वेगळी. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे बघावं, दुसऱ्या हाताने माऊस जोरात फिरवावा आणि मग नजर मध्ये आणावी. नजर थेट खुणेवर उतरली तर क्रॉसहेअर पास. क्षणभर चाचपडली तर ती जागा त्याची कच्ची आहे.

दुसरी तपासणी आणखी कठोर आहे. विंडोजमध्ये पडदा कृष्णधवल करणारा रंगांचा फिल्टर असतो. सेटिंग्जमधून त्याचा शॉर्टकट चालू करून ठेवला की `Win+Ctrl+C` दाबून तो लावता-काढता येतो. तो लावून तीच फेरी पुन्हा मारावी. रंग गेल्यावरही खूण उठून दिसत असेल, तर ती कुठल्याही मॅपवर टिकेल. पांढरा बर्फ आणि किनार नसलेला सायन एकदा या फिल्टरमधून बघितला की किनार कशासाठी, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

दिसत नाही, की नेम लागत नाही?

क्रॉसहेअरवर बऱ्याचदा दुसऱ्याचं पाप येतं. नेम चुकला की खूण दिसली नाही असं वाटतं, पण ते खरं असेलच असं नाही. स्वतःच्या लढतीचं रेकॉर्डिंग असेल तर मरण्याच्या क्षणाआधीचं दृश्य थांबवून बघावं. त्या चित्रात क्रॉसहेअर शोधायला वेळ लागला तर प्रश्न दिसण्याचा आहे. तो लगेच दिसला, पण जमिनीकडे किंवा कोपऱ्यापासून हातभर लांब रोखलेला होता, तर प्रश्न सवयीचा आहे. चालताना खूण डोक्याच्या उंचीवर ठेवायची सवय रंग बदलून लागत नाही.

रेकॉर्डिंग बघताना एवढं ध्यानात ठेवावं की व्हिडिओत जागा वाचवण्यासाठी रंगाचा तपशील उजळपणाच्या तपशिलापेक्षा कमी साठवला जातो. बारीक रंगीत रेषा त्यात फिक्या आणि पसरट होतात. म्हणून यूट्यूबवर बघून एखाद्याच्या क्रॉसहेअरचा रंग ठरवू नये. तो त्याच्या पडद्यावर तसा दिसत नसतो.

पडद्याचाही फरक पडतो. व्हॅलोरंटच्या सेटिंग्ज खात्याबरोबर फिरतात, त्यामुळे घरचा क्रॉसहेअर गेमिंग कॅफेतही तोच मिळतो. पण तिथल्या मॉनिटरचा प्रकाश चढवलेला असेल तर बर्फ आणखी पांढरा दिसतो, आणि पडदा आडवा ताणून खेळत असाल तर उभ्या रेषा आडव्यांपेक्षा जाड होतात आणि मधली जागा रुंदावते. मॉनिटर, रिझोल्यूशन किंवा शत्रूच्या कडेचा रंग बदलला की वरच्या दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात. दुर्बीण लावलेल्या बंदुकीचाही एकदा विचार करावा. स्कोपमधला ठिपका वेगळ्या विभागातून ठरतो आणि मुळात तो लाल असतो. शत्रूची कडही लालच असेल, तर तोही सायन करून टाकावा.

एवढं सगळं करायला वेळ नसेल तर निदान एक आकडा बदलावा: किनारीचा दाटपणा 0.5 वरून 1 करावा. रंग, लांबी, अंतर हे आवडीप्रमाणे मागेपुढे होईल, पण किनार अर्धी राहिली तर यातलं काहीही सगळ्या मॅपवर पुरणार नाही.